पाच लाखांच्या पगाराची फोड

कारखान्याच्या पगारपत्रकाला दोन प्रश्न विचारता येतात. पैसे कोणाला द्यायचे आणि ते कशावर खर्च झाले? पहिल्याचे उत्तर कपातींच्या रकान्यांत मिळते, दुसऱ्याचे कामगारांच्या तासांत. ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळली की मालाच्या किमतीचा हिशेब चुकतो.

लेथ आणि मिलिंग मशीनवर सुटे भाग बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. कामगार 25 आणि सोयीसाठी प्रत्येकाचा मासिक पगार 20,000 रुपये. म्हणजे एकूण ढोबळ पगार 5,00,000. यांपैकी 18 जण मशीनवर उभे राहतात. उरलेले सात म्हणजे स्टोअरकीपर, देखभालीचे फिटर, सुपरवायझर, हेल्पर. या सातांची मेहनत कोणत्याही एका ऑर्डरच्या माथी मारता येत नाही, म्हणून त्यांचे 1,40,000 रुपये सरळ अप्रत्यक्ष मजुरीत जातात.

खरे विश्लेषण मशीनवरच्या 18 जणांचे. महिन्याचे प्रत्येकी 200 तास धरले तर 3,600 तास होतात आणि तासाचा दर 100 रुपये पडतो. फाटकावरची हजेरी हे 3,600 तास सांगते, पण त्यांचे काय झाले ते जॉब कार्डावरूनच कळते. समजा, जॉब कार्डांवर 3,060 तास ऑर्डरींच्या कामाचे निघाले. ही 3,06,000 रुपयांची प्रत्यक्ष मजुरी. मशीनची साफसफाई आणि माल हलवणे यांत 180 तास गेले. कामगार मशीनचा असला तरी काम अप्रत्यक्ष असल्याने हे 18,000 अप्रत्यक्ष मजुरीत मिळवायचे, म्हणजे ती 1,58,000 होते. उरलेले 360 तास, म्हणजे 36,000 रुपये, खोळंब्याचे.

खोळंबाही एका जातीचा नसतो. फाटकापासून मशीनपर्यंत जाणे, एक काम संपून दुसरे हाती येईपर्यंत थांबणे, हे कोणत्याही शिस्तीच्या कारखान्यात टळत नाही. असे 144 तास निघाले. त्यांचे 14,400 रुपये कारखान्याच्या सामान्य खर्चात धरतात आणि ते सर्व मालावर वाटले जातात. ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे 18 जण प्रत्येकी 12 तास बसून राहिले, त्या 216 तासांची गोष्ट निराळी. ते 21,600 रुपये मालाच्या किमतीत घालायचे नाहीत, थेट नफा-तोट्यात टाकायचे. ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून त्या महिन्यात बनलेला भाग महाग ठरत नाही.

आता कपाती. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 धरले, तर 12 टक्क्यांप्रमाणे 25 जणांचे 45,000 होतात. राज्य कामगार विम्याचे 0.75 टक्के म्हणजे 3,750. व्यवसाय कर महाराष्ट्रात या पगारावर पुरुषांना दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत माफी आहे. 22 पुरुष आणि तीन महिला असतील तर इतर महिन्यांत 4,400. कामगारांनी घेतलेल्या उचलीची वसुली 11,850. एकूण कपात 65,000 आणि हातात पडणारी रक्कम 4,35,000.

पहिली नोंद अशी: मजुरी नियंत्रण खाते 5,00,000 ने नावे, निर्वाह निधी, विमा आणि व्यवसाय कर ही देणी, उचल खाते आणि देय पगार खाते आपापल्या रकमांनी जमा. निधी आणि विम्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावे लागतात, तोवर ती कारखान्याकडे असलेली परकी रक्कम. दुसरी नोंद: चालू काम खाते 3,06,000, कारखाना खर्च 1,72,400 आणि परिव्यय नफा-तोटा खाते 21,600 ने नावे, मजुरी नियंत्रण खाते 5,00,000 ने जमा. खाते शून्यावर आले की बेरीज जुळली.

नवख्या हिशेबनिसाची नेहमीची चूक म्हणजे हातात दिलेल्या 4,35,000 चीच फोड करणे. तसे केले की नियंत्रण खात्यात नेमके कपातीइतके 65,000 शिल्लक राहतात आणि चूक लगेच उघडी पडते. लपून राहते ती दुसरी चूक. खोळंबा दाखवला तर बोलणी खावी लागतील म्हणून कामगार किंवा मुकादम तो वेळ चालू ऑर्डरच्या कार्डावर चढवतात. बेरीज तरीही जुळतेच. जॉब कार्डांचे तास फाटकाच्या हजेरीशी महिनोन्‌महिने तंतोतंत जुळत असतील, तर ते कौतुकाचे नव्हे, संशयाचे लक्षण. वीज गेली त्या आठवड्यात त्याच भागाला लागलेला वेळ वाढलेला दिसला, तर खोळंबा कुठे मुरला ते कळते.

मालकाचा वाटा या कपातींत येत नाही; तो पगाराच्या वरचा खर्च आहे. निधीचे 45,000 आणि विम्याचे 3.25 टक्क्यांनी 16,250 मिळून 61,250 होतात आणि मजुरी ज्या खात्यात गेली त्याच प्रमाणात वाटले जातात. निधीचे प्रशासकीय शुल्क वगैरे बाजूला ठेवले, तरी 100 रुपयांचा तास कारखान्याला 112 रुपये 25 पैशांना पडतो.