सांध्यातील काळी फट

हाताचे क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले, की हाडे पांढरी दिसतात आणि प्रत्येक सांध्यात दोन हाडांमध्ये एक बारीक काळी फट दिसते. आमवाताचे, म्हणजे डॉक्टर ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या विकाराचे, निदान नुकतेच झालेल्या रुग्णास ती फट पाहून धास्ती वाटते. हाडे एकमेकांपासून सुटली की काय, अशी शंका मनात येते. वस्तुतः ही फट रिकामी नसते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आच्छादन असते. हाडातील चुना किरणांना अडवितो म्हणून हाड पांढरे उमटते. कूर्चेत चुना नसल्याने तिच्या जागी काळेपणाच राहतो. तेव्हा फट सर्वत्र सारखी दिसणे हेच सुचिन्ह होय. बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांत ती साधारणतः दीड ते दोन मिलिमीटर असते. ती अरुंद झाली, तर कूर्चा झिजली असे बहुधा समजावे.

दुसरी खूण हाडाच्या कडेस शोधावयाची असते. या विकारात सांध्याच्या आतील पातळ अस्तर सुजून जाड होते. हाडाच्या टोकावर कूर्चा जेथे संपते, तेथपासून सांध्याचे वेष्टन जेथे हाडास जोडलेले असते तेथपर्यंत एक अरुंद पट्टी कूर्चेवाचून उघडी राहते. सुजलेले अस्तर नेमके तेथेच हाडास भिडते आणि हाड खाणाऱ्या पेशी तेथे कामास लागतात. वाळवी चौकटीच्या कडेने लाकडात शिरावी, तशी हाडास कडेने खाच पडते. हिलाच इरोजन म्हणतात. तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाचे सांधे, मनगट आणि पायाच्या करंगळीचे मूळ ही तिची आवडती ठिकाणे. म्हणून हातांबरोबर पायांचेही चित्र काढतात. नखांजवळचे सांधे मात्र बहुधा वाचतात. तेथे हाडाचे नवे उंचवटे वाढलेले दिसले, तर तो बहुधा वयोमानाने होणाऱ्या झिजेचा प्रकार असतो.

समजा, बेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीस चार महिन्यांपासून सकाळी तास-दीड तास बोटे आखडल्यासारखी वाटतात, मुठी वळत नाहीत. रक्ततपासणीनंतर निदान ठरते. पहिल्या चित्रात बोटांच्या मुळाशी मांसल भागाची छाया फुगलेली दिसते आणि सांध्यालगतचे हाड थोडे विरळ दिसते. फटी शाबूत आहेत, खाच एकही नाही. येथे ‘चित्र चांगले, मग रोग नाहीच’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सूज आधी येते, हाडावरची खूण मागाहून उमटते. या बाईंचे पहिले चित्र पुढच्या तुलनेचा पाया आहे.

आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू होते. वर्षभराने दुखणे निम्म्याने उतरलेले असते. बाई पुन्हा पोळ्या लाटू लागतात. परंतु दुसऱ्या चित्रात उजव्या तर्जनीच्या मुळाशी, अंगठ्याकडील कडेस, एक लहान खाच दिसते आणि मधल्या बोटाच्या मुळाची फट पूर्वीपेक्षा अरुंद झालेली असते. दुखणे कमी असूनही सूज आत धुमसत होती, याची ही साक्ष होय. डॉक्टर सांधे पुन्हा चाचपून पाहतात, सोनोग्राफीने अस्तराची जाडी तपासतात आणि औषध वाढवितात. पडलेली खाच क्वचितच भरून येते. उपचारांचा हेतू नवी खाच पडू न देणे हा असतो. तिसऱ्या चित्रात जुनी खाच तेवढीच असून तिची कड ठळक पांढरी झालेली दिसली आणि नवी कोठेच नसली, तर औषध लागू पडले असे म्हणता येते.

ही तुलना खरी ठरण्यास चित्रे सारख्या रीतीने काढलेली हवीत. बोट किंचित वाकलेले राहिले, तर हाडांच्या छाया एकमेकींवर येतात आणि शाबूत फटही अरुंद भासते. बोट दुखत असल्याने सरळ होत नसेल, तर ते तंत्रज्ञास आधीच सांगावे आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात. प्रत्येक चित्रावर तारीख असावी आणि जुने चित्र नव्याबरोबर डॉक्टरांपुढे ठेवावे. एकट्या चित्रावरून खाच आहे एवढेच कळते. ती वाढते आहे की थांबली आहे, हे दोन चित्रे शेजारी ठेवल्यावरच उमगते.