करपलेला पाव

डी. एच. लॉरेन्सची ‘सन्स अँड लव्हर्स’ ही कादंबरी १९१३ च्या मे महिन्यात लंडनला प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत तिच्यातल्या आईमुलाच्या नात्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा, हे दर पिढीने वेगळे ठरवले. पुस्तक मात्र १९९२ पर्यंत बहुतेकांनी अपुरेच वाचले होते.

कथा नॉटिंगहॅमजवळच्या कोळसा-खाणींच्या वस्तीतली. मिसेस मोरेल शिकलेली, कडक धार्मिक घरातली. नवरा खाणकामगार, दारू पिणारा. संसारातून मन उडाल्यावर ती मुलांकडे वळते. मुले खाणीत उतरणार नाहीत, हा तिचा हट्ट. त्यासाठी ती पोटाला चिमटा घेते. तिने तोंडाने काही मागायची गरजच नसते. मुलांना हिशेब ठाऊक असतो. थोरला विल्यम वर्षाला १२० पौंडांच्या नोकरीवर लंडनला जातो, आईला पैसे पाठवायचे कबूल करतो आणि हळूहळू ते थांबतात, कारण एका नखरेल मुलीच्या नादात पगार उरत नाही. मग तो आजारी पडतो आणि मरतो. बाप शवपेटी घरी आणतो.

त्यानंतरची आई महिनोन् महिने गप्प असते. दुसरा मुलगा पॉल न्यूमोनियाने अंथरुणाला खिळतो, तेव्हा कुठे ती भानावर येते. पॉल वाचतो, पण यापुढे त्याला दोघांच्या वाटचे जगायचे असते.

हे ओझे रोजच्या घरात कसे काम करते, ते लॉरेन्सने एका शुक्रवारच्या संध्याकाळी दाखवले आहे. आई बाजारात गेली आहे आणि भट्टीतल्या पावांवर लक्ष ठेवायचे काम पॉलकडे आहे. त्याची मैत्रीण मिरियम आली आहे, दुसऱ्या एका मुलीची थट्टामस्करी चालली आहे, आणि एक पाव करपतो. तो ओल्या फडक्यात गुंडाळून लपवला जातो. मिरियमला पोचवून पॉल उशिरा परततो तेव्हा बहीण ॲनीला पाव सापडलेला असतो. आई जड सामान एकटीने वाहून आणल्यामुळे पांढरीफटक पडलेली. पॉल पावाबद्दल क्षमा मागू लागतो, पण भांडण पावाचे नसतेच. ते थेट मिरियमवर येते. ही मुलगी आपल्यासाठी मुलाचा कोपराही शिल्लक ठेवणार नाही, ही आईची भीती बाहेर पडते आणि ती रडते. पॉल तिला जवळ घेऊन सांगतो, माझे मिरियमवर प्रेम नाही. ज्या नात्यावर त्याचा जीव आहे, ते तो एका करपलेल्या पावाच्या किमतीत नाकारतो. माझ्या मते कादंबरीचा खरा कणा हाच प्रसंग आहे. पॉलचा अपराधभाव आई मेल्यावर सुरू होत नाही. ती जिवंत असताना, स्वयंपाकघरात, तो रोज थोडा थोडा साठतो.

१९१६ साली आल्फ्रेड कुटनरने फ्रॉइडच्या सिद्धांतावर हे सारे बसवून दाखवले. लॉरेन्सला ते रुचले नाही, पण पुढची अनेक वर्षे तेच वाचन चालले. १९३५ मध्ये जेसी चेंबर्सने ‘ई. टी.’ या आद्याक्षरांखाली आठवणी लिहिल्या. मिरियम ज्यांच्यावरून उभी राहिली त्या या. लॉरेन्सने शेवटी आईलाच जिंकू दिले, हा त्यांचा सल. १९७० साली केट मिलेटने दोष मुलावर टाकला: पॉल भोवतीच्या बायकांना वापरतो आणि काम झाले की बाजूला सारतो. हे बरेचसे खरे आहे. फक्त वापरणे तो कुठे शिकला, हे तिने हवे तितके विचारले नाही.

मग १९९२ ची केंब्रिज आवृत्ती आली. पहिल्या छपाईआधी संपादक एडवर्ड गार्नेटने सुमारे दहावा हिस्सा कापला होता, आणि त्यात विल्यमचा बराच भाग गेला होता. तो परत आल्यावर शीर्षकातले अनेकवचन पुरते कळते. पॉलचा अपराधभाव सगळाच त्याने स्वतः कमावलेला नाही, काही भावाकडून आलेला आहे. आई मुलांनाच प्रियकर म्हणून निवडते, आधी थोरल्याला आणि मग दुसऱ्याला, असे लॉरेन्सनेच नोव्हेंबर १९१२ मध्ये गार्नेटला लिहिले होते. तरी कात्री चालली ती थोरल्यावर.

कादंबरीच्या अखेरीस आईला कर्करोग होतो आणि ती मरता मरत नाही. शेवटी पॉल आणि ॲनी मॉर्फियाच्या साऱ्या गोळ्या दुधात विरघळवून तिला देतात. दूध कडू लागते, असे ती म्हणते; डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेले नवे औषध आहे, असे पॉल सांगतो. यात दया किती आणि सुटकेची घाई किती, याचा निवाडा लॉरेन्स करत नाही. त्याची स्वतःची आई डिसेंबर १९१० मध्ये कर्करोगानेच गेली होती.

बाजारातल्या अनेक स्वस्त प्रती अजून १९१३ च्या कापलेल्या पाठाच्याच असतात. पॉलवर मत बनवण्याआधी आपल्या हातातली प्रत कोणती आहे, एवढे बघून घ्या.