अर्ध्यांतले पूर्णांक

मात्रावृत्त लिहिणाऱ्याला लघुची एक आणि गुरूच्या दोन मात्रा मोजाव्या लागतात. चार मात्रांची ओळ लघुगुरूंच्या पाच मांडण्यांनी भरते, पाच मात्रांची आठ, सहांची तेरा. लगतच्या दोन आकड्यांचे गुणोत्तर १.६१८च्या आसपास स्थिरावत जाते. ही संख्या म्हणजे √५ मध्ये एक मिळवून केलेले निम्मे. मी बी.ए.वाला, पण या निम्म्याने मला गणिताच्या पुस्तकांपर्यंत नेले.

कारण गणिती या संख्येला चक्क ‘पूर्णांक’ म्हणतात! छेदात दोन बसलेला असताना? १८७१ साली जर्मन गणिती डेडेकिंड यांनी कसोटी मांडली ती दिसण्याची नव्हे, समीकरणाची. साध्या पूर्णांकांच्या समीकरणात सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक १ असेल, तर त्याचे उत्तर हा बैजिक पूर्णांक. आपली संख्या क्ष² = क्ष + १ हे समीकरण पाळते, म्हणून ती पास.

मग √३ मध्ये एक मिळवून निम्मे केले तर? ती संख्या आणि √३चे चिन्ह उलटवून मिळणारा तिचा जोडीदार, यांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही साधे पूर्णांक यायला हवेत. बेरीज १ येते, ठीक. गुणाकार मात्र (१ − ३) ÷ ४, म्हणजे उणे अर्धा. नापास. पाचाच्या बाबतीत (१ − ५) ÷ ४ = −१ येतो.

गुपित त्या चारात आहे. कोणत्याही विषम संख्येच्या वर्गाला चाराने भागले की बाकी १ उरते. म्हणून विषम निम्मी चालतात ती मुळाखालच्या संख्येचीही बाकी १ असेल तेव्हाच: ५, १३, १७, आणि −३सुद्धा. बाकी २ किंवा ३ असेल तर निम्म्यांना मज्जाव. मुळाखालून वर्ग आधीच बाहेर काढलेले असतात, म्हणून बाकी शून्य उरतच नाही. आणि तृतीयांश वगैरे छेद याच कसोटीवर गळतात.

हा हट्ट कशासाठी? निम्मी वगळली तर ४ चे दोन वेगळे अवयव पडतात: २ × २ आणि (√५ + १)(√५ − १). या चौघांपैकी एकही आणखी फुटत नाही. निम्मी आत घेतली की दिसते, √५ + १ म्हणजे दोनदा आपलीच १.६१८वाली संख्या, आणि √५ − १ म्हणजे दोनला तिनेच भागून आलेली. ती संख्या एकाला निःशेष भागते, म्हणून अवयवांत तिची गणती १ किंवा −१ सारखीच. भांडण मिटले.

सगळीकडे मात्र ते मिटत नाही. −५ची बाकी ३, तिथे निम्मी नाहीतच, आणि ६ हे २ × ३ तसेच (१ + √−५)(१ − √−५) राहतात. तिथे डेडेकिंडना संख्यांऐवजी संख्यांच्या संचांचेच अवयव पाडावे लागले.