बारशाचे फोटो आजीपर्यंत पोचताना

एडिसनला बारसं झालं. तिकडून अल्बमची लिंक आली, त्यात दोनशे चाळीस फोटो आणि पाच व्हिडिओ. पुण्याच्या मावशीने घरच्या वायफायवर तासाभरात सगळं पाहून घेतलं. राजापूरजवळच्या गावात आजीच्या फोनवर मात्र गोल फिरत राहिलं. अशी कुटुंबं आज घरोघरी आहेत, आणि दोष बहुतेक वेळा रेंजला दिला जातो. खरं तर या अडचणीचा मोठा भाग फोटो पाठवणाऱ्याच्या हातात असतो.

आजच्या फोनने काढलेला साधा फोटो तीन-चार एमबीचा असतो. साडेतीन एमबी धरले तर दोनशे चाळीस फोटोंचे ८४० एमबी होतात. गावाकडे अनेक वडीलधाऱ्यांचा पॅक मुख्यतः बोलण्यासाठी घेतलेला असतो. त्यात २८ दिवसांना मिळून दोन जीबी डेटा, म्हणजे एका बारशात महिन्याचा जवळपास निम्मा डेटा संपतो. रोजच्या एक-दीड जीबीचा पॅक असला, तरी तो संपल्यावर वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने सेकंदाला जेमतेम आठ केबी उतरतात. साडेतीन एमबीच्या एका फोटोला सात मिनिटांहून जास्त लागतात आणि तीस एमबीच्या, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला तासभर. मध्ये रेंज गेली की आजीला वाटतं, फोन बिघडला.

लिंकचा अल्बम वाईट नसतो. त्यात आधी छोटी चित्रं दिसतात आणि उघडू तोच फोटो मोठा होऊन येतो. पण तो राहतो इंटरनेटवर. आजी बाळाचा फोटो दुपारी शेजारणीला दाखवणार आणि संध्याकाळी भाजीवालीलाही. दर वेळी नेट लागणार, आणि रेंज नसेल तेव्हा दाखवायला काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उतरलेला फोटो फोनमध्येच राहतो, डेटा एकदाच जातो. म्हणून माझं मत असं, की लिंक वायफायवाल्यांसाठी ठेवावी आणि आजीला फोटो थेट पाठवावेत.

थेट पाठवताना फोटो ‘Document’ म्हणून पाठवू नये आणि HD चं बटण दाबू नये. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच फोटो लहान करतं. लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते आणि वजन दोन-तीनशे केबीच्या आसपास. फोनच्या पडद्यावर फरक सहसा जाणवत नाही. स्टुडिओत सहा बाय चार इंची प्रिंट काढली तरी इंचाला अडीचशेहून जास्त पिक्सेल मिळतात, तेवढे पुरतात. भिंतीवर लावायची मोठी फ्रेम करायची असेल तर मात्र मूळ फोटोच हवा.

आता निवड. एकाच पोझचे सहा फोटो असतील तर एकच ठेवायचा. पाळणा, नाव ठेवताना कानात कुर्र करणारी आत्या, बाळाचा चेहरा, आलेली माणसं, असे चाळीस निघाले की बारसं दिसतं. चाळीस फोटोंचे अडीचशे केबीप्रमाणे होतात दहा एमबी. संपलेल्या पॅकच्या ६४ केबीपीएसवरही ते वीस-एकवीस मिनिटांत उतरतात. दहा-दहाच्या गठ्ठ्याने पाठवावेत आणि कोण कोण आहे ते फोटोखाली लिहावं, कारण नवे जावई-सुना आजीला चेहऱ्याने ठाऊक नसतात. व्हिडिओ एकच पाठवावा, तोही दहा-पंधरा सेकंदांचा, कापून.

दुसरी गळती घरच्या ग्रुपमध्ये असते. तिथे टाकलेला प्रत्येक फोटो आपोआप सगळ्यांच्या फोनवर उतरू शकतो, शिवाय काका-मामा आपापल्या फोनमधले तेच क्षण पुन्हा टाकतात. गावी जाल तेव्हा आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, मग Storage and data, मग When using mobile data इथे जाऊन सगळ्या खुणा काढून टाका. मग फोटो आधी धूसर दिसतो, त्यावर आकडा असतो, आणि बोट लावलं तरच उतरतो. आजीला एवढंच सांगावं: आकड्यापुढे KB असेल तर उघड, MB असेल तर मला विचार. फोटो KB चा असूनही उतरत नसेल, तर फोनमधली जागा भरली आहे का ते बघावं. जुन्या फोनमध्ये सकाळच्या शुभेच्छांनीच ती भरून गेलेली असते.

मूळ फोटोंसाठी घाई नको. गणपतीला गावी जाणारं कुणीतरी असतंच. त्याच्या हाती पेन ड्राइव्ह द्या, तालुक्याच्या स्टुडिओतून फ्रेम करून घेता येईल. आणि पुढच्या वेळी अल्बम पाठवण्याआधी आजीला एक फोन करून विचारा, पॅक कोणता आहे आणि रेंज कोणत्या वेळी बरी येते.