एक टक्का, तीस वर्षे आणि २२ लाखांचा फरक! म्युच्युअल फंडातील ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ प्लॅनचे गणित समजून घ्या

चिखली (जि. बुलढाणा) : फंड एकच, फंड मॅनेजर एकच, शेअर्सही तेच. तरीही दोन गुंतवणूकदारांच्या हातात वेगवेगळी रक्कम येते. कारण एकाकडे ‘रेग्युलर’ प्लॅन असतो, तर दुसऱ्याकडे ‘डायरेक्ट’. सेबीच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना डायरेक्ट प्लॅन देणे बंधनकारक झाले. त्यात वितरकाचे कमिशन नसते.

पैसे नेमके कुठून कापले जातात?

फंड चालवण्यासाठी कंपनी दरवर्षी जेवढे टक्के खर्च घेते, त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. त्याचे वेगळे बिल येत नाही. वर्षाच्या दराचा छोटासा हिस्सा रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि त्यानंतरच त्या दिवसाची एनएव्ही जाहीर होते. त्यामुळे कपात खात्यात कधी दिसतच नाही.

रेग्युलर प्लॅनच्या या खर्चात वितरकाचे ‘ट्रेल कमिशन’ही असते. चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा झाला की अडत त्या सौद्यावर एकदाच लागते. ट्रेल कमिशनचे तसे नाही. गुंतवणूक आहे तोपर्यंत ते दरवर्षी लागते आणि तेही त्या वर्षीच्या हप्त्यांवर नव्हे, तर साठलेल्या पूर्ण रकमेवर.

उदाहरण पाहू

समजा, चिखलीतील ३० वर्षांचा एक शिक्षक दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी सुरू करतो. खर्च वजा जाता डायरेक्ट प्लॅन वर्षाला ११ टक्के आणि रेग्युलर १० टक्के परतावा देतो, असे धरू. हे दर केवळ हिशेबासाठी आहेत, हमी नाही.

- १० वर्षांनी : डायरेक्ट सुमारे १०.६ लाख, रेग्युलर १०.१ लाख. फरक सुमारे ५५ हजार.
- २० वर्षांनी : डायरेक्ट ४०.८ लाख, रेग्युलर ३६.२ लाख. फरक सुमारे ४.६ लाख.
- ३० वर्षांनी : डायरेक्ट १.२६ कोटी, रेग्युलर १.०४ कोटी. फरक सुमारे २२.४ लाख.

तीस वर्षांत शिक्षकाने खिशातून भरले १८ लाख. म्हणजे फरकच भरलेल्या रकमेपेक्षा मोठा!

पहिल्या दहा वर्षांत फरक किरकोळ वाटतो, कारण जमा रक्कम कमी असते. रेग्युलरमधील रक्कम २५ व्या वर्षाच्या आसपास ६० लाखांवर जाते. तिथे एक टक्का म्हणजे वर्षाला ६० हजार, म्हणजेच शिक्षकाच्या वर्षभराच्या हप्त्यांइतके. शिवाय कापलेल्या प्रत्येक रुपयावर पुढे मिळू शकणारा परतावाही जातो.

फरक नेहमी एक टक्काच असतो का?

नाही. तो योजनेनुसार बदलतो. इंडेक्स फंडात तो बराच कमी असतो. दोन्ही प्लॅनचा एक्स्पेन्स रेशो फंड कंपनीच्या आणि अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसते म्हणून तो ‘महाग’, हा मात्र गैरसमज आहे. खर्च कमी कापला गेल्यामुळेच ती वाढलेली असते.

तुमचा प्लॅन कोणता?

स्टेटमेंटमध्ये योजनेच्या नावापुढे Direct किंवा Regular लिहिलेले असते. ARN ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो वितरकाचा कोड असतो. दर सहा महिन्यांच्या एकत्रित खाते विवरणात वितरकाला मिळालेले कमिशनही रुपयांत दिलेले असते.

प्लॅन बदलताना काय पाहावे?

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे म्हणजे कायद्याने जुने युनिट विकून नवे घेणे. त्यामुळे कर लागू शकतो. इक्विटी फंडात एक वर्षापेक्षा जुन्या युनिटवरील नफा आर्थिक वर्षात १.२५ लाखांपर्यंत करमुक्त आहे, त्यावर १२.५ टक्के कर आहे. वर्षाच्या आतील युनिटवर बहुतेकदा एक्झिट लोडही लागतो.

वरच्या उदाहरणात दहाव्या वर्षी सगळे युनिट एकदम बदलले, तर नफा सुमारे ४ लाख आणि कर अंदाजे ३५ हजार रुपये. तेच काम तीन-चार आर्थिक वर्षांत विभागले, तर कर बराच कमी होतो. नवे हप्ते मात्र लगेच डायरेक्टमध्ये वळवता येतात, त्यावर कर नाही.

मग वितरक नकोच का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. डायरेक्टमध्ये फंड निवडणे, नॉमिनी नोंदवणे, बाजार पडला तरी एसआयपी चालू ठेवणे हे सारे स्वतःच पाहावे लागते. घसरणीत घाबरून एसआयपी बंद करणाऱ्याचे नुकसान एक टक्क्यापेक्षा मोठे असू शकते. वितरक अशा वेळी सावरत असेल, तर त्या कमिशनच्या बदल्यात काही मिळते. फॉर्म भरून घेतल्यानंतर त्याचा फोनच आला नसेल, तर विवरणातील कमिशनचा आकडा एकदा जरूर पाहावा.