कोयता, वीटभट्टी आणि पंधरा वर्षांची मुलगी

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' हे हत्याराचे नाव राहिलेले नाही, ते मोजमाप झाले आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, टोळी मोजतात ती कोयत्यांनी, आणि पट्टा पडेपर्यंतचा हिशेबही कोयत्याच्याच नावाने चालतो. या मोजमापात मुलांना जागा नाही. फडात मात्र ती असतात.

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातले मोठे गाव, रेणुकादेवीचे. बालाघाटाच्या डोंगररांगांतली ही जमीन हलकी आणि पावसाच्या भरवशावरची. दिवाळी झाली की आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची घरे बंद होऊ लागतात. मी इथे बरीच वर्षे शाळेत शिकवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना ज्यांची नावे नुसती वाचली जातात, त्या मुलांचे काम कायद्याच्या नजरेत नेमके काय ठरते, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर कायद्याची पुस्तके चाळायला लावून गेला. जे सापडले ते साधे नाही, म्हणून एकच कुटुंब डोळ्यांसमोर धरून ते सांगतो. कुटुंब कल्पित आहे, पण त्याचा दिवस कल्पित नाही.

आई, वडील, पंधरा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा. उचल घेतली आहे एका कोयत्याची. टोळी कराडकडे गेली. पहाटे तीन-चारला उठायचे, अंधारातच फड गाठायचा. वडील बुडख्यापासून ऊस तोडतात. आई आणि मुलगी तोडतात, साळतात, मोळ्या बांधतात. मुलगा पाचट बाजूला सारतो, वाढ्यांच्या पेंढ्या करतो. गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. गाडी दुपारी येईल, नाहीतर रात्री दहाला. तोवर थांबायचे.

मुलापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. 1986 चा बालकामगार कायदा 2016 मध्ये मुळापासून बदलला. त्याच्या नावातच आता 'बाल आणि किशोरवयीन कामगार' असे दोन गट आहेत. चौदा वर्षे पुरी न झालेला तो बालक, चौदा ते अठरा हा किशोर. बालकाला कुठल्याही कामावर ठेवायला कलम 3 बंदी घालते. पूर्वी ही बंदी ठराविक धंद्यांपुरतीच होती, आता सर्वत्र आहे. दोन अपवाद ठेवले आहेत. पडद्यावर काम करणाऱ्या बालकलाकारांचा अपवाद आपल्या कामाचा नाही. दुसरा अपवाद असा की शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या उद्योगाला मदत करू शकते, मात्र ते काम धोकादायक नसावे.

मुकादम आणि कारखान्याची माणसे याच अपवादाचा आधार घेतात: 'पोरगं आईबापाला हात लावतंय, त्याला कामावर कोणी ठेवलंय?' ऐकायला पटते. पण 2017 च्या नियमांनी या अपवादाला कुंपण घातले आहे. उद्योग कुटुंबाच्या ताब्यातला हवा. त्यातून मुलाला किंवा कुटुंबाला मोबदला मिळत नसावा. शाळेच्या वेळेत काम नको, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात नको. कराडकडचा फड या कुटुंबाचा नाही. तोड टनावर मोजली जाते, म्हणजे मोबदला आहेच. पहाट आहे, शाळाही बुडते आहे. चारही अटी मोडतात. म्हणून मुलाचे वाढे बांधणे ही 'मदत' नव्हे, बंदी घातलेले काम आहे. स्वतःच्या दोन एकरांत रविवारी आईबरोबर कापूस वेचणारा मुलगा आणि हा मुलगा यांच्यातला फरक इथे आहे. कष्ट कुणाचे जास्त, हा प्रश्न कायदा विचारत नाही. रान कुणाचे आणि मजुरी कुठून येते, हे विचारतो.

शिक्षा कामावर ठेवणाऱ्याला आहे: सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा 20 हजार ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पहिल्या वेळी आईबापांना शिक्षा होत नाही, आणि ते बरोबरच आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटची वाट न पाहता कारवाई करू शकतात. अडते ते पुढे. 'ठेवणारा' कोण? कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा बापाशी. प्रत्येकाच्या कागदावर एक सही कमी असते, आणि मुलाचे नाव कोणत्याच कागदावर नसते.

आता मुलगी. इथे मी बराच काळ अडलो होतो.

किशोरांना काम करायला कायद्याने सरसकट मनाई नाही. कलम 3अ एवढेच म्हणते की परिशिष्टातल्या धोकादायक धंद्यांत आणि प्रक्रियांत त्यांना ठेवता येणार नाही. 2016 मध्ये परिशिष्टात तीनच नोंदी होत्या: खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके, आणि कारखाने अधिनियमातल्या धोकादायक प्रक्रिया. ऑगस्ट 2017 च्या अधिसूचनेने ती यादी उलगडून मोठी केली आणि तिचे दोन भाग केले. 'अ' भागातली कामे किशोरांना बंद आहेत आणि बालकांना मदत म्हणूनही बंद आहेत. 'ब' भाग फक्त बालकांच्या कौटुंबिक मदतीपुरता. घरकाम, ढाबे वगैरे त्यात येतात. फटाके, काच, चामडे कमावणे, जहाजतोडणी, कत्तलखाने, मिठागरे, विडी वळणे हे सारे 'अ' भागात आहे. खाणींच्या नोंदीतच दगडखाणी आणि वीटभट्ट्याही आहेत.

ऊसतोड नाही. हाताने कोयत्याने ऊस तोडणे, डोक्यावर मोळी वाहणे, फळीवरून गाडीत चढणे यांतले काहीच 'अ' भागात नावाने येत नाही.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. हेच कुटुंब दिवाळीनंतर कराडऐवजी एखाद्या वीटभट्टीवर गेले असते, तर पंधरा वर्षांच्या मुलीला तिथे ठेवणे हा कलम 3अ खालचा दखलपात्र गुन्हा ठरला असता, आणि शिक्षा तिच्या भावाच्या बाबतीत सांगितली तीच. आमच्या भागातून दोन्हीकडे माणसे जातात. कुठे जायचे ते उचल कोण आधी देतो यावर ठरते. मुलीला कायद्याचे संरक्षण आहे की नाही, हेही मग त्यावरच ठरते.

मग उसाच्या फडात तिला कायदाच नाही का? आहे, पण वेगळ्या दाराने. जिथे धोकादायक कामे चालत नाहीत अशा आस्थापनांना कायद्याचा तिसरा भाग लागू होतो, आणि 'आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत शेत आहे. कलम 7 प्रमाणे किशोराला सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. त्यानंतर किमान एक तास विश्रांती. विश्रांती आणि कामासाठी थांबून राहण्याचा वेळ धरून सगळा पसारा सहा तासांच्या आत हवा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. जादा काम नाही. कलम 8 प्रमाणे आठवड्याला एक पूर्ण सुट्टी.

हे फडावर मांडून पाहू. मुलगी सकाळी आठला कोयता हातात घेईल. अकराला थांबेल. बाराला पुन्हा सुरू करेल आणि दोनला दिवस संपवेल. प्रत्यक्ष काम पाच तास. गाडीची वाट पाहत बांधावर बसणे हेही या सहा तासांतच मोजायचे, ही तरतूद लिहिणाऱ्याने जणू ऊसतोड पाहिली होती! प्रत्यक्षात आठ वाजेपर्यंत तिचे चार तास झालेले असतात आणि रात्रीची भरणी अजून बाकी असते. आठवड्याची सुट्टी घेतली तर तो 'खाडा' धरतात आणि तो उचलीत चढतो. थोडक्यात, टोळीच्या वेळापत्रकात किशोरवयीन मुलाला कायदेशीरपणे बसवताच येत नाही. बंदीच्या यादीत नसलेले काम तासांच्या हिशेबाने बंद ठरते.

पण ही पळवाट उलट्या दिशेने काढल्यासारखी आहे आणि तिची धार बोथट आहे. तासांचा नियम मोडण्याची शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड. शिवाय दखलपात्र ठरवले आहेत ते फक्त कलम 3 आणि 3अ खालचे गुन्हे. म्हणून पहाटे चारला फडात पंधरा वर्षांची मुलगी दिसली तरी या कायद्याखाली पोलीस आपण होऊन फारसे काही करू शकत नाहीत. तो विषय कामगार निरीक्षकाचा होतो, आणि पहाटे चारला निरीक्षक फडात नसतो.

एक जास्त धारदार तरतूद दुसऱ्या कायद्यात आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात 'बालक' म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही. त्याचे कलम 79 सांगते की कामासाठी बालकाला वेठीला धरणे, त्याची कमाई अडकवून ठेवणे किंवा ती स्वतःसाठी वापरणे याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. मुलीने तोडलेला ऊस बापाच्या कोयत्याच्या टनांत मिसळतो आणि उचलीत वळता होतो. तिच्या नावाची मजुरी कधी निघतच नाही. ही अडकवलेली कमाई नव्हे तर काय? माझ्या मते हे कलम इथे लागू पडते. पण ते लावायचे तर आधी तिने किती ऊस तोडला हे सिद्ध करावे लागेल, आणि जोडीच्या हिशेबात तो आकडा कोणी लिहीत नाही.

वयाचा घोळ आणखी वेगळा. मुलगा गैरहजर राहिला तर निदान एक घंटा वाजते: नियमांप्रमाणे शाळेतले बालक न कळवता सलग तीस दिवस आले नाही, तर मुख्याध्यापकाने नोडल अधिकाऱ्याला कळवायचे असते. स्थलांतरितांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोयही आहे. आजीजवळ राहायचे आणि शाळेत जेवायचे. पण ही घंटा बालकासाठी आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्कही चौदाव्या वर्षी संपतो. मुलगी नववीत गळते तेव्हा तिच्या गैरहजेरीची दखल घ्यायला कोणी बांधलेला नसतो. आणि पुढच्या वर्षी घरचे तिचे लग्न लावून देतात, कारण एकटा जावई अर्धा कोयता असतो. मग ती मुकादमाच्या वहीत प्रथमच येते, कुणाची तरी बायको म्हणून, पुऱ्या कोयत्याचा अर्धा भाग म्हणून.

ऊसतोडीला धोकादायक म्हणणे ही काही जगावेगळी मागणी नाही. भारताने जून 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 182 क्रमांकाचा करार मान्य केला. त्याच्या जोडीच्या शिफारशीत धोका ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत: घातक हत्यारे, जड ओझी, लांबलचक तास, रात्रीचे काम. आमच्या फडात चारही आहेत. उसाचाच देश असलेल्या ब्राझीलने 2008 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना बंद असलेल्या कामांची यादी केली, तेव्हा उसाचे उत्पादन त्यात घातले.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम 4 प्रमाणे केंद्र सरकार किमान तीन महिन्यांची आगाऊ सूचना राजपत्रात देऊन परिशिष्टात भर घालू शकते, आणि कलम 5 खाली त्यासाठी सल्ला द्यायला तांत्रिक समितीची तरतूद आहे. दगडखाणी आणि वीटभट्ट्या आल्या तशी 'अ' भागात आणखी एक ओळ येऊ शकते: ऊसतोड व ऊसभरणी. ती आली तर पहाटे चारला फडात दिसलेली पंधरा वर्षांची मुलगी हा निरीक्षकाच्या वहीतला तासांचा प्रश्न राहणार नाही, ठाण्यात नोंदवायचा गुन्हा होईल. सूचना ऑगस्टच्या आधी निघाली, तर ती ओळ त्याच वर्षीच्या गळीत हंगामाला लागू करता येईल.