लांब केबल, बारीक तार आणि मंद चार्जिंग

मोबाईलचा चार्जर ५ व्होल्ट देतो, पण मोबाईलपर्यंत पूर्ण ५ व्होल्ट पोहोचत नाहीत. मधली काही दाबाची रक्कम केबलमधल्या तांब्यातच खर्च होते. तांबे विजेचे उत्तम वाहक असले तरी त्यालाही थोडा रोध असतोच. या रोधातून विद्युतप्रवाह गेला की व्होल्टेज उतरते. किती उतरते, हे १८२७ साली जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी मांडलेला नियम सांगतो: प्रवाह (अँपिअर) आणि रोध (ओहम) यांचा गुणाकार म्हणजे उतरलेले व्होल्टेज.

तारेचा रोध दोन गोष्टींवर ठरतो. लांबी दुप्पट झाली की रोधही दुप्पट होतो; तारेच्या काटछेदाचे क्षेत्रफळ निम्मे झाले तरीही तो दुप्पट होतो. तारेची जाडी AWG या गेज क्रमांकात सांगतात आणि हा क्रमांक उलटा चालतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा व्यास सुमारे ०.३२ मिलिमीटर आणि रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. २४ गेजची तार साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तिचा रोध मीटरला जेमतेम ०.०८५ ओहम भरतो.

हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. विजेला जायला एक तार लागते, तशी परत यायलाही लागते. त्यामुळे एक मीटरच्या केबलमध्ये प्रवाहाचा प्रवास दोन मीटरचा होतो आणि दोन मीटरच्या केबलमध्ये चार मीटरचा.

आता ५ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा चार्जर घेऊ. २४ गेजच्या एक मीटर केबलचा जाण्यायेण्याचा रोध ०.१७ ओहम. २ अँपिअरला त्यात ०.३४ व्होल्ट उतरतात, मोबाईलला ४.६६ व्होल्ट मिळतात आणि चार्जिंग सुमारे ९.३ वॅटने चालते. त्याच चार्जरला २८ गेजची दोन मीटर केबल लावली तर रोध ०.८५ ओहम होतो. २ अँपिअर खेचले तर १.७ व्होल्ट वाटेतच जातील आणि मोबाईलला ३.३ व्होल्टच उरतील. लिथियम बॅटरीचे स्वतःचे व्होल्टेज चार्ज होताना ४.२ किंवा त्याहून थोडे वर जाते, तेव्हा ३.३ व्होल्टने ती भरणे शक्यच नाही.

प्रत्यक्षात मोबाईल ही वेळ येऊ देत नाही. त्यातले चार्जिंगचे सर्किट येणाऱ्या व्होल्टेजवर सतत लक्ष ठेवते. ते ठरावीक पातळीखाली, अनेक मोबाईलमध्ये साधारण ४.४ व्होल्टच्या आसपास, घसरू लागले की सर्किट प्रवाह कमी करते. प्रवाह कमी झाला की वाटेतली घटही कमी होते आणि व्होल्टेज सावरते. वरच्या उदाहरणात वाटेत ०.६ व्होल्टच उतरू द्यायचे, तर ०.८५ ओहमच्या केबलमधून जेमतेम ०.७ अँपिअर घेता येतात. म्हणजे सुमारे ३.१ वॅट, चांगल्या केबलच्या एक तृतीयांश! चार्जर तोच, मोबाईल तोच, तरी वेळ जवळपास तिप्पट. ‘चार्जिंग होत आहे’ हे चिन्ह मात्र दोन्ही वेळा सारखेच दिसते, म्हणून दोष बिचाऱ्या चार्जरवर किंवा बॅटरीवर येतो.

फास्ट चार्जर ९ व्होल्ट वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. १८ वॅट ५ व्होल्टवर न्यायला ३.६ अँपिअर लागतात, ९ व्होल्टवर फक्त २. प्रवाह कमी, म्हणून तीच केबल कमी व्होल्टेज खाते.

केबलची जाडी बाहेरून ओळखता येत नाही. जाड रबर किंवा कापडी विणीच्या आत केसासारखी तार असू शकते. आवरणावर 28AWG/1P 24AWG/2C असे छापलेले असेल, तर पहिला आकडा डेटाच्या तारांचा आणि दुसरा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. चार्जिंगसाठी दुसराच पाहायचा. छाप नसेल, तर यूएसबी मीटर मोबाईलच्या टोकाला लावून व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. तुलना करताना बॅटरी अर्ध्याहून कमी भरलेली आणि पडदा बंद हवा, कारण बॅटरी भरत आली की मोबाईल स्वतःहूनच प्रवाह घटवतो. नव्या चांगल्या केबलनेही आकडे सुधारले नाहीत, तर मोबाईलच्या सॉकेटमध्ये साचलेला कचरा तपासावा. ढिल्या जोडणीचाही रोध असतोच.

प्लग पॉइंट पलंगापासून लांब असेल, तर लांब यूएसबी केबलऐवजी चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणावा आणि चार्जर मोबाईलजवळ ठेवून आखूड केबल वापरावी. २३० व्होल्टच्या बाजूला १० वॅटच्या चार्जरसाठी अँपिअरचा अगदी छोटा अंशच वाहतो, त्यामुळे तिथली घट चार्जिंगला जाणवत नाही.